शंभराचा आकडा आणि आठ तासांचे ऊन

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात जमीन मोजणीचे काम करते. सकाळी आठ वाजता एसपीएफ 100 आणि पीए++++ असे छापलेले सनस्क्रीन तोंडाला, मानेला व दोन्ही हातांना लावून निघते आणि चार वाजेपर्यंत बांधावर उभी असते. दुकानदाराने सांगितले होते की, उघड्या त्वचेला 10 मिनिटांत झळ लागत असेल तर 100 च्या आकड्याने 1000 मिनिटे काळजी नाही. गुढीपाडव्याला घेतलेली 50 ग्रॅमची ट्यूब रोज वापरूनही आता कुठे संपत आली आहे. तरीही नाक, गालांची हाडे आणि हात काळवंडले आहेत. दुपारनंतर चेहरा चुरचुरतो. ट्यूब बनावट असेल का? की याहून मोठा आकडा घ्यावा? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, ट्यूब बनावट असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, परंतु आपण दिलेल्या तपशिलांवरून तशी शंका घेण्याची गरज मला वाटत नाही. खरीखुरी, उत्तम दर्जाची ट्यूब घेतली असती तरी असेच घडले असते. कारण आपल्याच पत्रात आहे, आणि ते आकड्यात नसून 50 ग्रॅमची ट्यूब गुढीपाडव्यापासून आतापर्यंत पुरली या वाक्यात आहे. मात्र तिथे पोहोचण्यापूर्वी तो आकडा कसा काढतात हे पाहावे लागेल.

एसपीएफची चाचणी प्रयोगशाळेत, किमान दहा स्वयंसेवकांच्या पाठीवर घेतली जाते. पाठीचा एक भाग उघडा ठेवतात आणि दुसऱ्या भागावर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या हिशेबाने, वजन करून, सारख्या जाडीचा लेप देतात. लेप वाळू दिल्यावर सूर्यप्रकाशाची नक्कल करणाऱ्या दिव्याने लहान लहान चौकोनांवर वाढत्या मात्रेत किरण सोडतात आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या चौकोनात प्रथम लाली उमटली हे पाहतात. उघड्या त्वचेला लाल होण्यासाठी जेवढी मात्रा लागली त्याच्या 30 पट मात्रा लेपाखालच्या त्वचेला लागली, तर एसपीएफ 30. या व्याख्येत घड्याळाला जागा नाही. मोजली जाते ती किरणांची मात्रा. शिवाय चाचणी देणारी व्यक्ती खोलीत स्वस्थ असते. तिला घाम येत नाही, ती रुमालाने पाठ पुसत नाही आणि तिच्या अंगावरून स्कार्फ घासला जात नाही.

दुकानदाराचा गुणाकार इथेच फसतो. 1000 मिनिटे म्हणजे साडेसोळा तासांहून अधिक, आणि मे महिन्यात परभणीचा दिवसच सुमारे 13 तासांचा असतो. म्हणजे त्या हिशेबाने एकदा लावलेला लेप सूर्यास्तानंतरही शिल्लक उरायला हवा. त्याहून मोठी चूक अशी की, दिवसाची सगळी मिनिटे एका तोलाची नसतात. उन्हातील अतिनील किरणांचा जोर सांगण्यासाठी यूव्ही निर्देशांक वापरतात. मेच्या निरभ्र दिवशी आपल्या भागात तो सकाळी आठच्या सुमारास साधारण 2 असतो आणि मध्यान्ही 12 च्या आसपास पोहोचतो. त्यामुळे सकाळी आठच्या तासाभरात त्वचेला जेवढी मात्रा मिळते, तेवढी साडेबाराच्या 10 मिनिटांत मिळते. मेच्या मध्याला परभणीत सूर्य दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. आपण मोजणी करता ते दिवस वर्षातील सर्वांत कडक उन्हाचे आहेत.

आता आपल्या दिवसाचाच हिशेब मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण त्यांतून परिस्थिती नीट दिसते. सकाळी नऊपासून चारपर्यंत आकाश निरभ्र असेल आणि त्वचा सावळी असेल, तर तिला लाल करण्यास पुरेशा मात्रेच्या सुमारे 10 पट मात्रा या सात तासांत जमिनीवर उतरते. हा हिशेब आडव्या पृष्ठभागाचा आहे. उभ्या चेहऱ्यावर त्याहून कमी ऊन पडते, पण नाक आणि गालांची हाडे आकाशाकडे वळलेली असल्याने त्यांच्या वाट्याला चेहऱ्यावरचे सर्वाधिक ऊन येते. 10 मात्रांना 50 ने भागले तर त्वचेपर्यंत एका मात्रेचा पाचवा भाग पोहोचतो, 100 ने भागले तर दहावा. दोन्हींत लाली येण्याचे कारण नाही. म्हणजे छापलेला आकडा दिवसभर खरा राहिला असता, तर 50 देखील आपल्याला पुरून उरले असते. दिवस पार पाडण्यासाठी आकडा अपुरा पडला असे झालेले नाही. तो आकडा ज्या लेपाचा होता, तो लेप आपल्या चेहऱ्यावर कधी पुरता बसलाच नाही आणि बसला तेवढाही टिकला नाही.

आधी बसण्याचे पाहू. चेहरा, कान आणि मान मिळून सुमारे 800 चौरस सेंटिमीटर त्वचा होते. कोपरापासून बोटांपर्यंतचे दोन्ही हात धरले तर आणखी सुमारे 1200. एकूण 2000 चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅमप्रमाणे एका वेळेस 4 ग्रॅम सनस्क्रीन लागते. आपली 50 ग्रॅमची ट्यूब साधारण 50 दिवस चालली, म्हणजे रोज 1 ग्रॅम लागले. चाचणीत जेवढी जाडी होती तिचा हा चौथा हिस्सा. जाडी चौथ्या हिश्श्यावर आली की संरक्षण किमान त्याच प्रमाणात उतरते असे धरावे. काही चाचण्यांत ते त्याहूनही जास्त घसरलेले दिसते. थोडक्यात, सकाळी सव्वाआठला आपल्या चेहऱ्यावर 100 नव्हते. फार तर 25 होते, कदाचित बरेच कमी. यात आपला विशेष दोष नाही, कारण बहुतेक माणसे शिफारशीच्या चौथ्या भागापासून निम्म्यापर्यंतच सनस्क्रीन लावतात आणि ट्यूबवर आकडा ठळक छापणारे किती लावायचे हे बारीक अक्षरांत छापतात.

आता टिकण्याचे. वैशाख वणव्यात मराठवाड्यातील कोरड्या उन्हात घाम चटकन वाळतो, म्हणून तो आलाच नाही असे वाटते. प्रत्यक्षात तो लेपाखालून फुटतो, लेपाला भेगा पाडतो आणि त्याचे ओघळ करतो. त्यावर आपण बहुधा रुमाल फिरवता, गाडीवर जाताना स्कार्फ करकचून बांधता आणि शेतात पोहोचल्यावर सोडता. कापड सर्वांत जास्त घासते ते नाक आणि गालांच्या हाडांवर, आणि आपल्या पत्रात काळवंडल्याची नेमकी तीच ठिकाणे आहेत. अकरा वाजेपर्यंत या जागांवरील लेप निघून गेला असे मानले, तर वरच्या हिशेबातील 10 मात्रांपैकी जवळपास 8 मात्रा अकरानंतरच्या असतात. त्यांतील निम्म्याच नाकावर पडल्या असे धरले आणि तिथे चारपट संरक्षण देणारा पुसट थर उरला असे मानले, तरी एक पूर्ण मात्रा त्वचेत जाते. दुपारची चुरचुर ही तीच आहे. सकाळच्या ट्यूबवर 100 लिहिले होते की 50, याने या गणितात फारसा फरक पडत नाही, कारण निघून गेलेल्या लेपाचा आकडा कितीही असला तरी तो शून्याने गुणला जातो.

मोठ्या आकड्याला काहीच अर्थ नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. पुरेशा जाडीत लावले तर एसपीएफ 15 मधून लालीस कारणीभूत किरणांपैकी सुमारे 7 टक्के आत जातात, 30 मधून सुमारे 3, 50 मधून 2 आणि 100 मधून 1 टक्का. 50 आणि 100 मधला फरक अडवण्याच्या बाजूने पाहिला तर 98 आणि 99 टक्के इतका किरकोळ दिसतो. आत जाणाऱ्या किरणांच्या बाजूने पाहिला तर तो दुपटीचा आहे. हात आखडता घेऊन लावणाऱ्या माणसाला मोठ्या आकड्याचा थोडा आधार मिळतो, हेही खरे. पण तो आधार लेप असेपर्यंतच मिळतो. मोठा आकडा थर दाट किंवा चिवट करत नाही. युरोपात 50 च्या वरच्या साऱ्या उत्पादनांवर केवळ 50+ एवढेच छापावे अशी पद्धत आहे, आणि मला ती प्रामाणिक वाटते.

आपली मुख्य तक्रार काळवंडण्याची आहे, आणि तिचा संबंध एसपीएफपेक्षा पीएशी जास्त आहे. एसपीएफ मोजतो ती लाली. ती प्रामुख्याने यूव्हीबी किरणांनी येते. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत यूव्हीबीचा वाटा अगदी थोडा असतो. 95 टक्क्यांच्या आसपास वाटा यूव्हीए किरणांचा असतो. हे किरण त्वचेत अधिक खोल जातात, रंगद्रव्य गडद करतात, काचेतून आत येतात आणि सकाळ-संध्याकाळीही, जेव्हा यूव्हीबी ओसरलेले असते, बऱ्यापैकी शिल्लक असतात. या किरणांसाठी जपानमध्ये 1996 पासून पीए ही श्रेणी वापरात आली. तिच्या चाचणीत यूव्हीए किरण सोडून दोन ते चार तासांनी त्वचेवर टिकून राहिलेला काळपटपणा पाहतात आणि लेपामुळे तो येण्यास किती पट मात्रा लागली हे मोजतात. 2 ते 4 पटीच्या आतले संरक्षण म्हणजे एक अधिक चिन्ह, 4 ते 8 च्या आतले म्हणजे दोन, 8 ते 16 च्या आतले म्हणजे तीन, आणि 16 किंवा त्याहून जास्त म्हणजे चार. चौथे चिन्ह 2013 पासून आले.

ही चिन्हे पाहून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, आपल्या ट्यूबवर यूव्हीबीसाठी 100 लिहिले असले तरी यूव्हीएसाठीची हमी 16 पटीपासून सुरू होते. ती प्रत्यक्षात 17 आहे की 30 हे चार चिन्हांवरून कळत नाही. जाडी चौथ्या हिश्श्यावर आली की 16 चे 4 उरतात, आणि ती म्हणजे दोन चिन्हांची खालची पायरी. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. मोठ्या एसपीएफमुळे लाली उशिरा येते, आणि सावळ्या त्वचेवर ती तशीही नीट दिसत नाही. त्यामुळे अंगाला झळ लागत नाही म्हणून माणूस निर्धास्तपणे उन्हात थांबतो, आणि त्या वाढलेल्या वेळात यूव्हीए आपले काम करत राहतात. न जळता काळवंडलेले हात हा त्याचाच परिणाम असतो.

याशिवाय डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः त्यातील निळा भाग, सावळ्या त्वचेत काळपटपणा वाढवतो, आणि त्याचे मोजमाप एसपीएफमध्ये नाही व पीएमध्येही नाही. त्वचेच्या रंगाची छटा असलेल्या सनस्क्रीनमध्ये आयर्न ऑक्साइड हे रंगद्रव्य असते आणि ते हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते. ज्यांना गालांवर वांग आहे त्यांना मी पांढऱ्या क्रीमपेक्षा असे रंगछटेचे क्रीम सुचवतो.

आता करायचे काय. 4 ग्रॅमचा लेप दिवसातून तीन वेळा द्यायचा तर 50 ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपेल, आणि पगारदार माणसाला ते परवडणारे नाही. म्हणून हात आणि मान ही कापडाची जबाबदारी समजावी. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सनकोट आणि मानेवरून घेतलेला स्कार्फ यांचे संरक्षण घामाने वाहून जात नाही आणि दोन तासांनी संपतही नाही. फक्त पातळ, फिक्या रंगाचे, ताणलेले किंवा घामाने भिजलेले सुती कापड किरणांना बरीच वाट देते, एवढे लक्षात ठेवावे. मग सनस्क्रीन उरते ते चेहरा आणि कान यांच्यासाठी, आणि हातमोजे घालत नसाल तर तळहातांच्या मागच्या बाजूसाठी. चेहरा आणि कान यांना एका वेळेस सव्वा ग्रॅमच्या आसपास लागते. घरी वजनकाटा नको. तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर ट्यूबमधून एकेक जाड रेघ ओढावी आणि ते सगळे चेहरा व कान यांवर संपवावे. पहिल्या दिवशी हे फार वाटेल आणि चेहरा पांढुरका दिसेल. एकदम लावायला जड जात असेल तर एका बोटाचे लावून पाच-सात मिनिटांनी दुसऱ्या बोटाचे लावावे.

हे घराबाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे आधी करावे. त्यानंतरचा लेप आपण बांधावर पोहोचून स्कार्फ सोडाल तेव्हा, प्रत्यक्ष उन्हात उभे राहण्यापूर्वी द्यावा. माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. भिंतीला चुन्याचा पहिला हात दिल्यावर जशा जागा सुटलेल्या दिसतात आणि त्या दुसऱ्या हाताने भरतात, तसे सकाळच्या लेपातील खंड आणि स्कार्फने नेलेला भाग त्याने भरून निघतो. पुढे उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी, आणि घाम पुसला असेल तर त्याआधीच, पुन्हा लावावे. पुन्हा लावण्याने सकाळचे संरक्षण दुप्पट होत नाही. झीज भरून निघते एवढेच. घाम रुमालाने घासून पुसण्याऐवजी टिपून घेतला तर लेप जास्त टिकतो. वेष्टनावर पाण्यात टिकणारे असे लिहिलेले असेल तर तेच घ्यावे. अमेरिकेच्या नियमांत अशा दाव्यासोबत 40 किंवा 80 मिनिटे असा कालावधी लिहावा लागतो, आणि सर्वांत चिवट म्हणवणाऱ्या उत्पादनालाही 80 च्या पुढे जाता येत नाही. यावरून आठ तासांच्या अपेक्षेचे काय ते समजावे.

या रीतीने फक्त चेहऱ्यासाठी दिवसभरात साधारण पाच वेळा मिळून सहा ग्रॅमच्या आसपास सनस्क्रीन लागेल आणि 50 ग्रॅम सुमारे आठ दिवस पुरेल. म्हणून पुढची खरेदी करताना महागड्या 100 च्या लहान ट्यूबऐवजी एसपीएफ 50 आणि पीए+++ किंवा त्याहून वरचे, मोठ्या वेष्टनातले, त्यामानाने स्वस्त उत्पादन निवडावे. जे सढळ हाताने लावताना जीव कचरत नाही ते सनस्क्रीन चांगले. मॉइश्चरायझरमध्ये सनस्क्रीन कालवून लावू नये, कारण त्या मिश्रणाचा आकडा कोणालाच सांगता येत नाही. एसपीएफ 30 च्या क्रीमवर 15 ची पावडर थापली म्हणून 45 होत नाहीत, हेही जाता जाता सांगतो.

नवी ट्यूब उघडली की तिच्यावर पेनने तारीख लिहावी. संपल्यावर ट्यूबमधील ग्रॅमना गेलेल्या दिवसांनी भागले की आपण रोज किती लावत होतो हे कळते. यासाठी स्मरणशक्तीवर भरवसा ठेवू नये. काळवंडण्याची ठेवणही पाहावी. कानांच्या पाळ्या, केसांची कड आणि जबड्याखालची पट्टी गडद झाली असेल तर त्या जागा सुटत आहेत. नाक आणि गालांची हाडे गडद असतील तर लेप घासून जात आहे. सगळा चेहरा सारखा गडद होत असेल तर लेप पातळ आहे किंवा दुसरा लेप फार उशिरा दिला जात आहे. हे तिन्ही दोष दूर करूनही महिनाभरात काहीच फरक पडला नाही, तर मग उत्पादनावर संशय घ्यावा. त्याआधी ट्यूब कुठे ठेवता ते तपासावे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेले क्रीम फुटते. पाणी आणि दाणे वेगळे दिसू लागले किंवा वास बदलला, तर मुदत शिल्लक असली तरी ते टाकून द्यावे. कामावर नेण्याची ट्यूब पाण्याच्या बाटलीशेजारी, कापडात गुंडाळून पिशवीत ठेवावी.

आत्ता आलेला काळपटपणा नवे ऊन थांबले की काही आठवड्यांपासून काही महिन्यांत हळूहळू उतरतो. हातांना सनकोट सुरू केल्यावर फरक तिथे आधी दिसेल. दोन्ही गालांवर सारख्या आकाराचे, कडा स्पष्ट असलेले डाग उरले तर ते वांग असू शकते, आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी, चेहरा आठवड्यात उजळवणारी मिश्र क्रीमे मात्र या उन्हात अजिबात लावू नयेत. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते, आणि पातळ झालेल्या त्वचेला बांधावरचे हेच ऊन आणखी लवकर बाधते.